चायनीज ॲपमधून फिटनेस बँड कसा जोडायचा? वेळ, अलार्म आणि नोटिफिकेशन सेट करण्याची पूर्ण माहिती

ऑनलाइन किंवा बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात काही शे रुपयांत मिळणारा फिटनेस बँड तुम्ही बघितला असेलच. बॉक्सवर M4 किंवा असंच काहीतरी लिहिलेलं असतं, आत एक बारीक अक्षरांचं माहितीपत्रक आणि त्यावर क्यूआर कोड. तो स्कॅन करून ॲप टाकलं की बऱ्याच जणांची गाडी पहिल्याच स्क्रीनवर अडते, कारण सगळं चायनीजमध्ये दिसतं. मग अंदाजाने बटणं दाबली जातात. बँड कसाबसा जोडला जातो, पण घड्याळ भलतीच वेळ दाखवतं, सकाळचा अलार्म वाजत नाही आणि व्हॉट्सॲपचा मेसेज बँडवर येत नाही.

या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. वेळ बँड फोनकडून घेतो आणि मग स्वतः मोजत राहतो. अलार्म एकदा पाठवला की तो बँडच्या आत साठवला जातो. नोटिफिकेशन मात्र प्रत्येक वेळी फोनमधून यावं लागतं. एवढं लक्षात ठेवलं तर बिघाड कुठे शोधायचा हे पटकन कळतं. आता क्रमाने बघू.

आधी हे तपासा: तुमचा फोन मराठीत आहे का?

हा मुद्दा फार कमी लोकांना माहीत असतो. ॲप चायनीजमध्ये दिसतंय म्हणजे त्यात इंग्रजी नाहीच, असं नसतं. कधी कधी फोनची भाषा मराठी असल्यामुळेच ॲप चायनीजमध्ये उघडतं!

असं का होतं? ॲप बनवणारा त्यात चार-पाच भाषांतला मजकूर ठेवतो आणि त्यातली एक भाषा मूळ म्हणून ठरवतो. ॲप उघडलं की अँड्रॉइड आधी तुमच्या फोनची भाषा शोधतं. मराठी सापडली नाही तर तुमच्या भाषांच्या यादीत दुसरी कोणती भाषा आहे ते बघतं. यादीत फक्त मराठीच असेल तर शेवटी मूळ भाषा दाखवतं. चीनमधल्या डेव्हलपरने मूळ भाषा चायनीज ठेवली असेल तर तुमच्यासमोर चायनीज येतं. शेजारच्या मित्राचा फोन इंग्रजीत असेल तर तेच ॲप त्याला इंग्रजीत दिसतं, आणि आपल्याला वाटतं की आपलंच ॲप खराब आहे.

उपाय सोपा आहे. फोनच्या सेटिंगमध्ये भाषांच्या पानावर जा आणि मराठी वरच ठेवून खाली दुसरी भाषा म्हणून `English (India)` जोडा. ही सोय अँड्रॉइड ७ पासून आहे. मग ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. फोन मराठीतच राहतो, फक्त ज्या ॲपमध्ये मराठी नाही ते इंग्रजीकडे वळतं. आयफोनमध्येही पसंतीच्या भाषांची अशीच यादी असते.

काही कंपन्यांच्या फोनमध्ये एकच भाषा निवडता येते. तिथे अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढचं व्हर्जन असेल तर प्रत्येक ॲपची वेगळी भाषा ठरवण्याचं पान शोधा, मात्र ॲप बनवणाऱ्याने ती सोय दिली असेल तरच ॲप त्या यादीत दिसतं. तेही नसेल तर सेटअपपुरता फोन इंग्रजीत करा. बरीच ॲप्स फोनची भाषा बँडलाही कळवतात, त्यामुळे बँडवरची चायनीज अक्षरंही याच वेळी इंग्रजी होऊ शकतात.

हे सगळं करूनही चायनीज गेलं नाही, तर ॲपमध्ये खरंच दुसरी भाषा नाही. मग पुढचा भाग तुमच्यासाठी.

चायनीज न शिकता चायनीज स्क्रीन कशी वाचायची

अख्खी भाषा यायची गरज नाही. बँडच्या ॲपमध्ये तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. स्क्रीनशॉट काढून गुगल ट्रान्सलेटमध्ये टाकला तर अर्थ कळतो, पण प्रत्येक पानासाठी ते करत बसणं वैताग आहे. त्यापेक्षा हे शब्द बाजूला ठेवा. उच्चार पाठ करू नका, आकार ओळखा.

| स्क्रीनवर दिसतं | अर्थ |
|---|---|
| 同意 / 不同意 | मान्य / अमान्य |
| 允许 | परवानगी द्या |
| 确定 / 取消 | ओके / रद्द |
| 下一步 / 跳过 | पुढे / हे पान सोडा |
| 保存 | सेव्ह करा |
| 设备 / 手环 | डिव्हाइस / बँड |
| 添加设备 | डिव्हाइस जोडा |
| 绑定 / 解绑 | बांधणे / सोडवणे |
| 已连接 / 未连接 | जोडलेला आहे / जोडलेला नाही |
| 设置 | सेटिंग |
| 闹钟 | अलार्म |
| 来电 / 短信 | येणारा कॉल / एसएमएस |
| 消息 | मेसेज, सूचना |
| 成功 / 失败 | जमलं / फसलं |
| 恢复出厂设置 | सगळं पुसून नव्यासारखं करा |

यात एक खूण फार कामाची आहे. 不 आणि 未 ही अक्षरं पुढे लागली की अर्थ नकाराचा होतो, आपल्याकडच्या 'अ' सारखं, मान्य आणि अमान्य. त्यामुळे दोन बटणांपैकी होकाराचं कोणतं हे ओळखायला एवढं पुरतं. दुसरं म्हणजे ट्रान्सलेट केल्यावर 手环 चं इंग्रजी 'ब्रेसलेट' असं आलं तर गोंधळू नका, तो तुमचा बँडच आहे.

शेवटच्या ओळीतलं बटण मात्र कुतूहल म्हणून दाबू नका. तसंच 固件升级 म्हणजे बँडमधलं सॉफ्टवेअर अपडेट करणं. बँडची बॅटरी कमी असताना हे सुरू केलं आणि मध्येच बंद पडलं, तर बँड पुन्हा सुरूच न होण्याची शक्यता असते.

ॲप कुठून घ्यायचं आणि लॉगिनचं काय

दिसायला अगदी सारखे दोन M4 बँड वेगवेगळ्या ॲपवर चालतात, कारण आतली चिप आणि सॉफ्टवेअर वेगळं असतं. त्यामुळे मित्राच्या बँडचं ॲप तुमच्या बँडला चालेलच असं नाही. माहितीपत्रकावर जे नाव छापलंय तेच खरं.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर प्ले स्टोअर उघडतं, नाहीतर एखादी वेबसाइट उघडून थेट एपीके फाइल डाउनलोड व्हायला लागते. दुसरं झालं तर थांबा. ॲपचं नाव आधी प्ले स्टोअरमध्ये टाइप करून शोधा. तिथे असेल तर तिथूनच घ्या. याचं कारण फक्त व्हायरसची भीती एवढंच नाही, नोटिफिकेशनच्या भागात ते नीट कळेल.

ॲप उघडलं की 登录 म्हणजे लॉगिनचं पान येतं. 手机号 म्हणजे मोबाईल नंबर आणि 验证码 म्हणजे ओटीपी. नंबरच्या आधी `+86` असेल तर तो चीनचा कोड आहे. तुमचा दहा आकडी नंबर तिथे टाकला तर ओटीपी येणारच नाही. `+86` वर टॅप करून `+91` निवडता येतं का बघा. नाहीतर 邮箱 म्हणजे ईमेलचा पर्याय, किंवा 跳过 अथवा 游客 शोधा. 游客 म्हणजे पाहुणा, खातं न काढता ॲप वापरणारा. माझं मत विचाराल तर पाहुणा म्हणून वापरता येत असेल तर तेच बरं. पावलं मोजायला आणि अलार्म लावायला खातं लागत नाही.

मग उंची, वजन विचारतात. 身高 उंची, 体重 वजन, 男 पुरुष, 女 स्त्री. उंची सेंटिमीटरमध्ये असते, त्यामुळे पाच फूट सहा इंच असाल तर साधारण १६८ टाका.

बँड जोडताना सगळ्यात मोठी चूक

बँड हातात आला की आपण फोनचं ब्लूटूथ उघडतो, यादीत बँड दिसतो आणि इअरबडसारखा तिथूनच पेअर करतो. अँड्रॉइडवर अशा बँडसाठी हे करू नका. हे बँड एका वेळी एकाच ठिकाणी जोडले जातात, आणि एकदा जोडले गेले की 'मी इथे आहे' असा सिग्नल देणं बहुतेक बँड थांबवतात. मग ॲपमध्ये कितीही शोधलं तरी बँड सापडत नाही. आधीच पेअर केला असेल तर ब्लूटूथच्या यादीतून तो काढून टाका. ब्लूटूथ फक्त चालू ठेवा, जोडण्याचं काम ॲपला करू द्या.

बँड निदान अर्धा तरी चार्ज करा. M4 प्रकारच्या बँडचा एका बाजूचा पट्टा ओढून काढला की आत यूएसबीची पट्टी दिसते, ती थेट चार्जरमध्ये बसते. चार्ज सुरू झाल्याचं स्क्रीनवर दिसलं नाही तर उलटी करून बसवा.

आता ॲपमध्ये 添加设备 किंवा 绑定 वर टॅप करा. यादी रिकामी आली तर परवानगीचा प्रश्न आहे. अँड्रॉइड ६ ते ११ मध्ये आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायला ॲपला लोकेशनची परवानगी लागते, आणि फोनचं लोकेशन चालूही असावं लागतं. अँड्रॉइड १२ पासून यासाठी `Nearby devices` ही वेगळी परवानगी आली. पण जुन्या पद्धतीने बनवलेलं ॲप तिथेही लोकेशन मागतं. चायनीज खिडकी आली आणि आपण घाबरून नकार दिला, असं इथेच होतं. ॲपच्या माहितीत जाऊन परवानग्या बघा आणि शोधण्यापुरती तरी ही परवानगी द्या.

यादीत एकाच नावाचे तीन बँड दिसले तर? हॉस्टेलमध्ये किंवा क्लासमध्ये हे हमखास होतं. नावाखाली `A4:C1:38:5E:07:2B` असा एक लांब पत्ता असतो. प्रत्येक बँडचा पत्ता वेगळा. काही बँडवर माहितीच्या पानात हा पत्ता किंवा त्याची शेवटची अक्षरं दिसतात, ती जुळवा. शेजारी `-48` किंवा `-83` असा आकडा असेल तर तो सिग्नलचा जोर असतो. शून्याच्या जवळचा आकडा म्हणजे जवळचा बँड, म्हणून बँड फोनला टेकवून धरा आणि `-48` वाला निवडा.

जोडताना बँड थरथरला किंवा त्यावर बरोबरची खूण आली तर तिथे टॅप करा. ॲपमध्ये 已连接 दिसलं की काम झालं.

आयफोनवर थोडं वेगळं आहे. तिथेही सुरुवात ॲपमधूनच करा, पण नंतर आयफोन स्वतः ब्लूटूथ पेअर करण्याची परवानगी मागतो. ती दिली नाही तर पावलं दिसतील, पण नोटिफिकेशन येणार नाहीत.

घड्याळाची वेळ

बँडवर वेळ बदलायचं बटण शोधत बसू नका, बहुतेक वेळा ते नसतंच. जोडला गेला की ॲप फोनची वेळ बँडला पाठवतं. वेळ चुकली असेल तर आधी फोनची तपासा. तारीख, वेळ आणि टाइम झोन आपोआप घेण्याचा पर्याय चालू हवा.

आता चूक किती आहे त्यावरून कारण ओळखता येतं. बँड बरोबर अडीच तास पुढे असेल तर तो चीनच्या वेळेवर आहे. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आणि चीनची आठ तास पुढे, म्हणून फरक अडीच तासांचा. फोनमध्ये टाइम झोन चुकून चीनचा निवडला गेलाय का, ते बघा. फोन बरोबर असेल तर ॲप उघडून होम स्क्रीन खाली ओढा, म्हणजे ते बँडशी पुन्हा बोलतं. 同步 लिहिलेलं बटण असेल तर तेच काम करतं.

बँडवर १२ वाजून काही मिनिटं आणि तारीख भलत्याच वर्षाची दिसत असेल, तर बॅटरी पूर्ण संपली होती. चार्ज केल्यावर घड्याळ शून्यापासून सुरू झालं आणि फोनशी अजून भेट झालेली नाही. जोडलात की ठीक होईल. वेळ बरोबर पण दुपारी २ ऐवजी १४ दिसतंय, तर तो फक्त पद्धतीचा प्रश्न आहे. सेटिंगमध्ये 时间格式 शोधा आणि 12小时制 निवडा. यातले आकडे आपल्याला वाचता येतातच.

अलार्म: एक उदाहरण घेऊन

समजा तुम्ही पोलीस भरतीची तयारी करताय आणि सोमवार ते शनिवार पहाटे ४:४५ ला ग्राउंडवर जायला उठायचंय. खोलीत तिघं झोपलेत, फोनचा अलार्म वाजला तर शिव्या खाव्या लागतात. मनगटावर थरथरणारा बँड इथे खरा उपयोगी पडतो.

ॲपमध्ये 闹钟 उघडा. नवीन अलार्मसाठी अधिकचं चिन्ह किंवा 添加 असतं. वेळेच्या चाकाशेजारी 上午 आणि 下午 दिसलं तर 上午 म्हणजे दुपारच्या आधी, 下午 म्हणजे दुपारनंतर. पहिल्या अक्षराकडे बघा. 上 मध्ये उभी रेघ आडव्या रेघेच्या वर आहे, 下 मध्ये खाली. आपल्याला 上午 हवं. इथे चूक झाली तर बँड संध्याकाळी पावणेपाचला थरथरेल.

मग 重复, म्हणजे कोणत्या दिवशी. वार ओळखणं सोपं आहे, कारण चायनीजमध्ये वारांना आकडे आहेत. 一 एक रेघ म्हणजे सोमवार, 二 दोन रेघा मंगळवार, 三 तीन रेघा बुधवार. त्यापुढे 四 गुरुवार, 五 शुक्रवार, 六 शनिवार. रविवारला आकडा नाही, तो 日, म्हणजे सूर्य. आपलाही रविवार सूर्याचाच! काही ॲपमध्ये आठवडा 日 पासून सुरू होतो, म्हणून डावीकडून मोजू नका, अक्षर बघा. आपल्या उदाहरणात 一 ते 六 निवडा आणि 日 सोडा. 工作日 असा तयार पर्याय असेल तर तो कामाच्या दिवसांचा आहे, त्यात शनिवार येत नाही. एकही वार निवडला नाही तर बहुतेक ॲप अलार्म एकदाच वाजवतात आणि दुसऱ्या दिवसापासून गप्प. 'काल वाजला, आज वाजला नाही' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

आता 保存 दाबा. यावेळी बँड जोडलेला असलाच पाहिजे, कारण अलार्म याच क्षणी बँडमध्ये जातो. 设置成功 आलं तर पोचला, 失败 दिसलं तर नाही. मागे यादीत आल्यावर अलार्मच्या समोरचं स्विच चालू आहे का तेही बघा, ते वेगळं असतं.

खात्री करायची असेल तर असं करा. आत्तापासून तीन मिनिटांनंतरचा एक अलार्म लावा, सेव्ह करा आणि फोनचं ब्लूटूथ बंद करा. तीन मिनिटांनी बँड थरथरला तर अलार्म खरंच बँडमध्ये साठवलाय. मग रात्री फोन बंद असला, दुसऱ्या खोलीत असला तरी चालेल. थरथरला नाही तर ब्लूटूथ चालू ठेवून पुन्हा करून बघा. आता थरथरला तर तुमचा बँड अलार्मसाठी फोनवर अवलंबून आहे, आणि फोन उशाशी ठेवावा लागेल.

दोन मर्यादा सांगतो. असा बँड काही सेकंद थरथरून थांबतो, गाढ झोपेत ते कळतंच असं नाही, आणि पट्टा सैल असेल तर अजिबात नाही. आणि रात्रीत बॅटरी संपली तर अलार्मही गेला. भरतीच्या प्रत्यक्ष दिवशी किंवा परीक्षेच्या सकाळी फक्त बँडवर विसंबू नका, फोनचा अलार्मही लावा. मित्र एक दिवस सहन करतील.

नोटिफिकेशन: इथे घाई करू नका

बँडवर मेसेज दिसायचा असेल तर आधी ॲपला फोनमधली नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी लागते, आणि मग ॲपच्या आत कोणकोणत्या गोष्टी पाठवायच्या ते निवडावं लागतं. दोन्हीपैकी एक राहिलं तरी बँड गप्प.

पहिली परवानगी साध्या परवानग्यांच्या यादीत नसते. फोनच्या सेटिंगमधल्या शोधपट्टीत `Notification access` टाइप करा आणि त्या पानावर बँडचं ॲप चालू करा. तिथे फोन एक इशारा दाखवतो, तो नीट वाचा. या परवानगीमुळे ॲपला तुमची सगळी नोटिफिकेशन वाचता येतात. त्यात व्हॉट्सॲप आलं, तसा बँकेचा ओटीपीही आला. अँड्रॉइड १५ पासून फोन ओटीपीसारखा मजकूर अशा ॲपपासून लपवायचा प्रयत्न करतो, पण जुन्या फोनमध्ये ते संरक्षण नाही.

म्हणूनच वर एपीकेबद्दल थांबा म्हटलं. अँड्रॉइड १३ पासून, वेबसाइटवरून उतरवून टाकलेल्या ॲपला ही परवानगी द्यायला गेलात तर स्विच करड्या रंगाचं दिसतं आणि ही सेटिंग मर्यादित असल्याचा मेसेज येतो. ॲपच्या माहितीच्या पानावर कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत `Allow restricted settings` असा पर्याय असतो आणि त्याने अडथळा दूर होतो. पण तो अडथळा मुद्दाम ठेवलाय. ज्या ॲपचा मालक कोण हे माहीत नाही, भाषा वाचता येत नाही, आणि ज्या फोनमध्ये तुमचं यूपीआय आहे, तिथे मी तरी हा पर्याय दाबणार नाही. पावलं, घड्याळ, अलार्म यांना ही परवानगी लागत नाही. तेवढ्यावर बँड वापरा.

प्ले स्टोअरवरून घेतलेलं ॲप असेल आणि तुम्ही परवानगी दिलीत, तर पुढे ॲपमध्ये 消息提醒 किंवा 消息通知 उघडा. यादीत 来电 कॉल, 短信 एसएमएस, 微信 म्हणजे वीचॅट आणि `QQ` दिसेल. शेवटचे दोन चीनमध्ये चालतात, आपल्या कामाचे नाहीत. यादीत `WhatsApp` स्वतंत्र नसेल तर 其他 म्हणजे 'इतर' शोधा. तोटा असा की 'इतर' चालू केलं की शॉपिंग ॲपच्या ऑफरपासून गेमपर्यंत सगळंच मनगटावर आदळतं. मग नको त्या ॲपची नोटिफिकेशन फोनमध्येच बंद करणं हा एक मार्ग उरतो.

कॉलसाठी फोनची परवानगी लागते, आणि नंबरऐवजी नाव दिसायला कॉन्टॅक्टची. कॉन्टॅक्ट द्यायचे नसतील तर देऊ नका, बँड थरथरेल आणि नंबर दाखवेल.

आता खास आपली अडचण. नोटिफिकेशन येतं, पण त्यात नुसते चौकोन किंवा रिकामी जागा दिसते. मेसेज मराठीत होता! बँडच्या आत अक्षरांचे आकार साठवलेले असतात. स्वस्त बँडमध्ये बहुधा इंग्रजी आणि चायनीज अक्षरंच असतात, देवनागरी नसते. ॲपची भाषा बदलून हे सुटत नाही. कॉन्टॅक्टमध्ये नाव 'आई' असं असेल तर तेही चौकोनच दिसेल. घरच्या दोन-चार जणांची नावं `Aai`, `Baba`, `Tai` अशी सेव्ह करणं एवढंच करता येतं. मराठी मेसेज वाचायला फोन काढावाच लागेल.

तपासणीसाठी मित्राला इंग्रजी अक्षरांत एक मेसेज पाठवायला सांगा आणि तुमच्या फोनची स्क्रीन बंद ठेवा. काही ॲप स्क्रीन चालू असताना बँडला काही पाठवतच नाहीत. फोनवरच नोटिफिकेशन आलं नाही, ग्रुप म्यूट आहे किंवा चॅट उघडीच आहे, तर बँडवरही येणार नाही. आणि ॲपमध्ये 勿扰 लिहिलेलं काही चालू असेल तर ते 'त्रास देऊ नका' आहे, बंद करा.

दिवसभर चालतं, दुसऱ्या दिवशी बंद होतं

हा बँडचा दोष नसतो. बॅटरी वाचवायला फोन मागे चालणारी ॲप मारून टाकतो. ॲप मेलं की जोडणी तुटते आणि नोटिफिकेशन थांबतं, पण घड्याळ आणि बँडमधला अलार्म चालू राहतो. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये या ॲपवरचं बंधन काढा. आपल्याकडे चालणाऱ्या बऱ्याच फोनमध्ये ॲप आपोआप सुरू होण्याचा वेगळा स्विच असतो, तोही चालू करा. अलीकडे वापरलेल्या ॲपच्या यादीतून सगळं साफ करायची सवय असेल तर हे ॲप त्यातून वगळा, बहुतेक फोनमध्ये तिथेच कुलपाची खूण मिळते.

फोन बदलणार असाल किंवा बँड धाकट्या भावाला देणार असाल तर आधी जुन्या फोनवरच्या ॲपमध्ये 解绑 दाबून, 确定 करून बँड सोडवा. तसं न करता नवीन फोनवर शोधायला गेलात, तर जुना फोन जवळपास असेपर्यंत बँड त्यालाच जाऊन चिकटतो आणि नव्या ॲपमध्ये दिसत नाही. जुना फोन हातात नसेल तर त्याचं ब्लूटूथ बंद करायला सांगा आणि मग नव्या फोनवर 添加设备 पासून सुरुवात करा.